तारीख पे तारीख नको, पैसे परत द्या : प्री-ऑर्डर रद्द करतानाचे आठ महिने

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबर २०२४ मध्ये झालं. त्यानंतर मोबाइलच्या चमकत्या पडद्यावर त्यांना वाचवेना. ते निवृत्त शिक्षक आहेत, वाचल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. म्हणून ई-इंक पडद्याचा, कागदासारखा दिसणारा आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येणारा टॅबलेट घ्यायचं ठरलं. एका नव्या कंपनीचा टॅबलेट तिच्याच वेबसाइटवर प्री-ऑर्डरला होता. किंमत २८,९९० रुपये. ३ जानेवारी २०२५ ला मी यूपीआयने २,००० रुपये बुकिंगचे भरले. संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला ईमेल आला : तुमचा लॉट तयार आहे, उरलेले २६,९९० भरा, २८ फेब्रुवारीच्या आत घरी पोहोचेल. ते मी क्रेडिट कार्डाने भरले.

तो टॅबलेट प्रतापनगरातल्या आमच्या घरी कधीच आला नाही. पैसे मात्र सगळे परत आले, शेवटचे दोन हजार ऑगस्टमध्ये. मधल्या काळात मला बरंच उशिरा कळत गेलं. ते कुणाला वेळेवर कळावं म्हणून क्रमाने लिहितेय.

२७ फेब्रुवारीला, म्हणजे ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी, पहिला ईमेल आला. कारखान्यात काही अडचण आहे, नवी तारीख ३१ मार्च. मी वाचला आणि उत्तर दिलं नाही. महिनाभराने काय बिघडतं, असं वाटलं. बाबा दोन-तीन दिवसांआड विचारायचे, "आलं का गं?" आणि मी "येईल बाबा" म्हणायची.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, २९ मार्चला, दुसरा ईमेल. आता तारीख १५ मे. या वेळी खाली एक बटण होतं : नवी तारीख मान्य करा आणि ५०० रुपयांचं कूपन मिळवा. मी ते दाबलं. या सगळ्या प्रकरणात ज्याचा मला सर्वांत जास्त पश्चात्ताप झाला ती हीच गोष्ट, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आमच्या शेजारच्या काकू वकील आहेत. मे महिन्यात मी त्यांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी आधी डोक्याला हात लावला. "काहून दाबलं ते बटण?" मग शांतपणे समजावलं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ वेळेबद्दल आहे. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि समोरच्याने ती पाळली नाही, तर करार मोडायचा की ठेवायचा हे आपल्या हातात येतं. पण आपण उशिराची पूर्तता स्वीकारली, तर पहिली वेळ चुकल्याबद्दल नुकसानभरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच "भरपाईचा हक्क राखून ठेवतेय" असं कळवलं असेल तरच येते. काकूंच्या भाषेत सांगायचं तर, दुकानदाराने पाठवलेली नवी तारीख हा फक्त प्रस्ताव असतो. तो आपल्यावर आपोआप लादला जात नाही, पण आपण "हो" म्हटलं की लागू होतो. गप्प राहणं म्हणजे "हो" नव्हे, तरी पुढे वाद झाला की ते आपल्याला सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून प्रत्येक लांबणीच्या ईमेलला दोन ओळींचं उत्तर द्यायचं : "मूळ तारीख अमुक होती. नवी तारीख मी मान्य केलेली नाही. माझे हक्क राखून ठेवतेय." बस, एवढंच.

१२ मेला तिसरा ईमेल आला. आता जुलैअखेर. कारण दिलं होतं, सरकारी प्रमाणपत्र यायचं आहे. नागपुरात तेव्हा दुपारी बाहेर पाय ठेवता येत नव्हता. मी कूलरसमोर बसून तो ईमेल तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की जानेवारीचं आणि आताचं बोलणं जुळत नाही. टॅबलेटसारख्या उपकरणांना भारतात विकण्यापूर्वी भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. खोक्यावर आणि उपकरणावर जो आर-क्रमांक असतो तो त्याचाच. कोणत्या उत्पादकाच्या नावावर कोणतं मॉडेल नोंदलेलं आहे हे ब्युरोच्या वेबसाइटवर कुणालाही शोधता येतं. मी शोधलं, या मॉडेलची नोंद दिसली नाही. शोधात नाव थोडं वेगळं असलं तरी नोंद सापडत नाही, त्यामुळे तेवढ्यावर मी काही म्हटलं नसतं. पण इथे कंपनीनेच लिहून दिलं होतं की प्रमाणपत्र यायचंय. मग १४ जानेवारीला "तुमचा लॉट तयार आहे" म्हणून माझ्याकडून पूर्ण पैसे कसे घेतले? ते दोन ईमेल मी शेजारी शेजारी ठेवून छापून घेतले. पुढे प्रत्येक ठिकाणी त्यांचाच उपयोग झाला.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट केली. ऑर्डरच्या पानावरची तारीख तोवर "लवकरच" अशी झाली होती, आणि अटींच्या पानावर "रद्द केल्यास १० टक्के कपात, बुकिंग रक्कम परत नाही" अशी ओळ दिसत होती. मला ती जानेवारीत वाचल्याचं आठवत नव्हतं. वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या web.archive.org वर कंपनीचा पत्ता टाकला, तर जानेवारीतल्या एका दिवसाची प्रत मिळाली. तिच्यात ती कपातीची ओळ नव्हतीच. प्रत्येक पानाची अशी प्रत तिथे असतेच असं नाही, मला मिळाली हे नशीब. पैसे भरतानाच ऑर्डरचं पान, तारीख आणि अटी पीडीएफ करून ठेवल्या असत्या तर नशिबाची गरज पडली नसती.

दुसऱ्या दिवशी, १३ मेला, रद्द करण्याची मागणी पाठवली. ग्राहक कक्षाला आणि वेबसाइटच्या तळाशी दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर, दोन्हीकडे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याला हा अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती सोडवायची असते. मजकूर असा होता :

"ऑर्डर क्रमांक अमुक. ३ जानेवारीला यूपीआयने २,००० आणि १४ जानेवारीला क्रेडिट कार्डाने २६,९९०, एकूण २८,९९० रुपये भरले. लेखी वचन २८ फेब्रुवारीचं होतं. त्यानंतर तीनदा तारीख बदलली, वस्तू पाठवलेली नाही. जुलैअखेरची तारीख मला मान्य नाही. ही ऑर्डर मी आज रद्द करत आहे. पूर्ण रक्कम ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने सात दिवसांत परत करावी. कूपन किंवा वॉलेटमधली जमा स्वीकारणार नाही. यापुढे ही वस्तू पाठवू नये, पाठवल्यास स्वीकारली जाणार नाही."

शेवटचं वाक्य काकूंनी घालायला लावलं. ते का, हे जुलैत कळलं.

१५ मेला तिकीट क्रमांकासकट पोच आली. १९ मेला खरं उत्तर : कपात करून रक्कम देऊ, किंवा पूर्ण २८,९९० वॉलेटमध्ये जमा करू. मी जुन्या अटींच्या पानाची प्रत जोडली आणि दोन मुद्दे लिहिले. एक, ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ग्राहकाकडून रद्द करण्याचे पैसे घेता येत नाहीत, विक्रेता स्वतः एकतर्फी रद्द करेल तेव्हा तोही तेवढेच सोसणार असेल तरच येतात. दुसरं, वस्तू सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आली तर पैसे परत नाकारता येत नाहीत. याला अपवाद एकच, माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती. विक्रीपूर्वी घ्यायची नोंदणी वेळेवर न घेणं ही आपत्ती नव्हे, असंही लिहिलं. त्यावर उत्तर आलं नाही.

२२ मेला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला आणि मग consumerhelpline.gov.in वर कागद चढवले. तक्रार क्रमांक लगेच मिळाला. फोनवरच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की हेल्पलाइन आदेश देत नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. हे आधी कळलं म्हणून निराशा कमी झाली. आठवड्याने कंपनीने तिथे लिहिलं, "परतावा प्रक्रियेत, ७ ते १० कामकाजाचे दिवस." ते दिवस गेले, काही आलं नाही. पण या एका ओळीने मोठं काम केलं, परतावा द्यायचा आहे हे कंपनीने एका सरकारी पोर्टलवर मान्य केलं होतं.

आता बँकेकडे वळायला हवं होतं, आणि इथे पुन्हा तारखांचं गणित आलं. कार्डाने पैसे भरून वस्तू मिळाली नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत चार्जबॅक मागता येतो, म्हणजे दुकानदाराच्या बँकेकडून रक्कम परत ओढली जाते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत त्यासाठी साधारण १२० दिवस असतात. वस्तू मिळायला हवी होती त्या दिवसापासून ते मोजतात, आणि व्यवहारापासून ५४० दिवस ही बाहेरची सीमा. माझ्यासाठी "मिळायला हवी होती" तो दिवस कोणता? २८ फेब्रुवारी धरला तर मुदत २८ जूनला संपते. १५ मे धरला, मी बटण दाबलं होतं म्हणून, तर १२ सप्टेंबरला. दुकानदाराने लेखी दिलेली शेवटची तारीख धरता येते असं मला नंतर बँकेत सांगितलं, पण त्या भरवशावर राहायची माझी तयारी नव्हती. बँका स्वतःच्या आणखी कमी मुदतीही लावतात. सर्वांत आधीची तारीख धरायची आणि तिच्या आत अर्ज करायचा. जे दुकानदार दीड-दोन महिन्यांची लांबण पुन्हा पुन्हा देतात, त्यांच्या ग्राहकांची ही मुदत वाट पाहण्यातच निघून जाते.

६ जूनला धरमपेठेतल्या शाखेत गेले. कार्डाचं काम शाखेत होत नाही म्हणाले, पण तिथल्या मुलाने ईमेलचा पत्ता आणि डिस्प्यूट फॉर्म काढून दिला. फॉर्मवर कारण निवडायचं असतं. तिथे "फसवणूक" किंवा "व्यवहार मी केला नाही" यावर खूण करायची नाही, कारण व्यवहार आपणच केलाय आणि ते कारण लावलं की अर्ज फेटाळला जातो. "वस्तू मिळाली नाही" हेच कारण. सोबत ऑर्डरची पावती, तीन तारखांचे ईमेल, १३ मेची मागणी, त्यावरचं उत्तर आणि हेल्पलाइनवरची कंपनीची कबुली जोडली. सगळं एकाच पीडीएफमध्ये, पहिल्या पानावर तारखांची यादी. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळलं पाहिजे एवढाच हेतू होता.

११ जूनला २६,९९० रुपये कार्डावर जमा दिसले. बाबांना सांगितलं, तेही खूश झाले. पण ईमेलमध्ये "तात्पुरती जमा" असं लिहिलेलं होतं. दुकानदाराने उत्तर दिलं आणि बँकेला पटलं तर ती परत वळती होते. म्हणून त्या पैशाला मी हात लावला नाही.

आणि खरंच, २ जुलैला कंपनीकडून कुरिअरचा मेसेज आला : तुमची ऑर्डर पाठवली आहे, ट्रॅकिंग क्रमांक अमुक. क्षणभर मलाच वाटलं की आता आलं बहुतेक. ट्रॅकिंगचं पान उघडलं तर एकच ओळ होती, Manifested. याचा अर्थ कुरिअरच्या संगणकात पार्सलची नोंद झाली आणि लेबल छापलं गेलं, इतकाच. पार्सल कुणाच्या हातात आलं, वजन झालं, गाडीत चढलं, असं काहीही नाही. खरं पार्सल निघालं की साधारण एक-दोन दिवसांत उचलल्याची आणि मग एखाद्या केंद्रावर पोहोचल्याची नोंद, शहराच्या नावासकट, दिसू लागते. मी तीन-तीन दिवसांनी त्या पानाचे फोटो काढत गेले, तारीख-वेळ दिसेल असे. १५ जुलैपर्यंत ती एकच ओळ.

मधेच, १० जुलैला, बँकेचा ईमेल आला की दुकानदाराने आक्षेप घेतला आहे आणि पुरावा म्हणून तोच ट्रॅकिंग क्रमांक दिला आहे. पंधरा दिवसांत उत्तर द्या. रद्द केल्यानंतर, चार्जबॅक लागल्यानंतर, फक्त लेबल छापून "पाठवलं" असं म्हणायचं, हे पाहून मला खूप राग आला. रात्री झोप लागली नाही. काकूंनी सांगितलं, रागाचं एकही वाक्य उत्तरात घालू नको. १६ जुलैला मी अर्ध्या पानाचं उत्तर पाठवलं : ऑर्डर १३ मेला रद्द झाली आहे आणि वस्तू पाठवू नये असं त्याच दिवशी लेखी कळवलं आहे. लेबल २ जुलैचं आहे. चौदा दिवसांत पार्सल उचलल्याची नोंद नाही, फोटो सोबत. पोहोचल्याची सही किंवा पुरावा दुकानदाराने दिलेला नाही. १३ मेच्या त्या शेवटच्या वाक्याचं मोल मला तेव्हा समजलं.

४ ऑगस्टला बँकेने लिहिलं, वाद तुमच्या बाजूने बंद, जमा कायम.

उरले यूपीआयचे २,०००. यूपीआयच्या ॲपमध्ये तक्रार टाकली होती, ती "व्यवहार यशस्वी" असं म्हणून बंद झाली. तिथे पैसे अडकणं, दोनदा कापले जाणं असल्या तक्रारी लवकर सुटतात, माल आला नाही याचं तिथे फारसं काही होत नाही हा माझा अनुभव. पुढच्या वेळी बुकिंगसुद्धा कार्डानेच करेन. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, मोठी रक्कम आली नं." मला सोडवेना. बुकिंगची रक्कम परत नाही या अटीवर असे दोन-दोन हजार किती जणांचे गेले असतील, हे डोक्यातून जात नव्हतं.

त्यासाठी ७ जुलैलाच एक नोटीस पाठवून ठेवली होती. वेबसाइटवर फक्त ईमेल होता, टपालाचा पत्ता नव्हता. तो दोन ठिकाणी मिळाला. पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला की व्यवसायाचा मुख्य पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता मिळतो. दोन्ही बंगळुरूचे, पण वेगवेगळे होते. मी दोन्हीकडे सिव्हिल लाइन्सच्या मुख्य टपाल कार्यालयातून पोचपावतीसह रजिस्टर पाठवलं. खर्च शंभर-दीडशेच्या घरात. एक पाकीट "पत्त्यावर नाही" म्हणून परत आलं, दुसऱ्याची सही केलेली पोचपावती आली. परत आलेलं पाकीट न उघडता तसंच ठेवलं.

नोटिशीतली पंधरा दिवसांची मुदत संपली, तरी पैसे नाहीत. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं ठरवलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणून बंगळुरूच्या कंपनीविरुद्ध नागपुरातच दाखल करता येणार होती. वस्तूसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील असलाच पाहिजे असं नाही. तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाइन भरता येते. मी दोन संध्याकाळी बसून मसुदा तयार केला. मागणी २,००० रुपये, त्यावर व्याज आणि खर्च एवढीच ठेवली. २६,९९० परत मिळाल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं. मिळालेली रक्कम लपवून पूर्ण मागितली तर आपल्याच कागदावरचा विश्वास जातो, हे काकूंनी दोनदा बजावलं होतं. शपथपत्र नोटरीकडून करून घेतलं, त्याचे अडीचशे रुपये गेले.

दाखल करण्याआधी, ११ ऑगस्टला, तो पूर्ण मसुदा शपथपत्रासकट तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. सोबत एकच वाक्य : "२० ऑगस्टला ही तक्रार नागपूर जिल्हा आयोगात दाखल होईल." १८ ऑगस्टला दुपारी बँकेचा मेसेज आला, २,००० रुपये जमा. कंपनीकडून एक अक्षरही नाही. व्याज मिळालं नाही आणि खर्चही नाही. त्यासाठी आयोगात जाता आलं असतं, पण बाबांचा दवाखाना आणि घर सांभाळून तेवढं बळ माझ्यात उरलं नव्हतं, आणि तसं मी त्या दिवशी स्वतःशी मान्य केलं.

संध्याकाळी हेल्पलाइनच्या तक्रारीत "पूर्ण रक्कम मिळाली, किती दिवसांनी आणि कशाने" हे लिहून ती बंद केली. बाबांना सीताबर्डीतल्या दुकानात घेऊन गेले. तिथे हातात धरून, अक्षर मोठं करून, दोन पानं वाचून बघितल्यावर त्यांनी एक साधा ई-रीडर निवडला, आणि आम्ही तो पिशवीत घालून घरी आलो.